कान सासूबाईंचा, पाय सूनबाईचा

सूनबाईचा डावा पाय हल्ली झोपेतसुद्धा हलायचा. नवरा म्हणायचा, "अगं, स्वप्नात शिलाई मशीन चालवतेस का?" ती हसून कूस बदलायची, पण मशीन कसलं ते तिला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं, कारण ते यंत्र त्यानंच तिच्या पायाखाली ठेवलं होतं.

घरात गाणं सासूबाईंचं. अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवून, खुर्चीवर ताठ बसून त्या गायच्या, आणि त्यांची गाणी ऐकायला लोक अजून तिकीट काढून यायचे. मोठी नाट्यगृहं मागे पडली होती. आता वाचनालयांचे हॉल, निवृत्तांचे क्लब, शाळांची सभागृहं. सूनबाई कीबोर्ड वाजवायची. मागे ड्रमवर दादू, सासूबाईंच्या तरुणपणापासूनचा साथीदार, ज्याला ताल सोडून जगात दुसरं काही कळत नाही असं सगळे म्हणायचे आणि तोही अभिमानानं मान डोलवायचा. नवरा मात्र गाण्यातला नव्हता. घरी बसून तो इस्पितळांसाठी टायपिंग करायचा. डॉक्टर रोग्यांची हकीकत बोलून रेकॉर्ड करत, ती कानांत घालून हा कागदावर उतरवायचा.

मागच्या वर्षी एका कार्यक्रमात सासूबाई एकच कडवं तीनदा गायल्या. पहिल्यांदा लोकांना वाटलं मुद्दाम आहे. दुसऱ्यांदा दादूनं डोळे उघडले. तिसऱ्यांदा सूनबाईनं कीबोर्डवरून गाणं शेवटाकडे ओढत नेऊन कसंबसं आटोपलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई चहा पिताना म्हणाल्या, "काल हवा फार कोंदट होती," आणि सगळ्यांनी हवेला दोष देऊन टाकला.

हवेवर किती दिवस ढकलणार? मग नवऱ्यानं डोकं चालवलं. त्याच्याकडे एक जुनं, एकाच पट्टीचं पेडल पडून होतं. त्यानं ते लॅपटॉपला जोडलं आणि असं बसवलं की पेडल दाबलं की लॅपटॉपला वाटावं, टायपिंगच्या कीबोर्डवरची एक कळ दाबून धरली आहे. तीही अशी कळ, जी नेहमीच्या कीबोर्डवर नसतेच, म्हणजे चुकून हात लागायची भीती नाही. ती कळ दाबलेली असेपर्यंत सूनबाईच्या तोंडापुढचा बारीक माइक उघडा. पाय उचलला की बंद. माइकमधला आवाज फक्त सासूबाईंच्या डाव्या कानातल्या इअरफोनच्या बोंडाला जायचा, हॉलला पत्ता लागायचा नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर एक ठिपका असायचा, बंद असला की लाल, उघडला की हिरवा.

"दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, उजवा पाय सुरांच्या पेडलवर," तो म्हणाला होता. "उरला डावा पाय. आई अडली की दाबायचं, ओळ सांगायची, सोडायचं."

"आणि अडली हे मला कसं कळणार?" सूनबाईनं विचारलं होतं.

"कळेल गं तुला. रोज ऐकतेस."

सांगणाऱ्याचं काय जातं! त्या दिवसापासून सूनबाईचे डोळे सासूबाईंच्या मानेला चिकटले. मान किंचित डावीकडे झुकली की आठवतंय. हनुवटी वर गेली की अडलंय. खांदा हलला की... खांदा हलला की काय, हे तिला कधीच नक्की कळलं नाही. हात सूर धरायचे, कान दादूचा ताल धरायचा आणि जीव टांगलेला असायचा त्या मानेवर. ओळ संपायला आली की तिचा डावा पाय पेडलवर थरथरायचा. आता दाबू? थांबू? उशीर झाला तर? तिला उशिराची इतकी धास्ती की ती बऱ्याचदा लवकरच दाबायची.

सासूबाईंना ते मुळीच आवडायचं नाही. "कानात माशी घोंघावते," त्या म्हणायच्या. पेडल, माइक, बोंड यांतलं कशाचंच नाव घ्यायच्या नाहीत. या सगळ्याला घरात एकच शब्द होता, 'ती सोय'. "आज ती सोय नको लावूस. गाणी पाठ आहेत माझी." आणि सूनबाई म्हणायची, "असू द्या हो आई, असली तर बिघडतं का काही?" असं दर कार्यक्रमाच्या आधी व्हायचं, आणि सोय दरवेळी लागायची.

त्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. सामान गाडीत चढवताना दादूनं ड्रमची पेटी ढकलली, वरून डिकी आपटली, आणि मध्ये पेडलची वायर सापडली. नुसती चेपली नाही, सोलून तुटली. तांब्याचे केस बाहेर आले.

"आता गं बाई!" सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"बरंच झालं," सासूबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या.

रविवार. दुकानं बंद. नवरा घरात पळाला आणि आपल्या टेबलाखालचं पेडल उपटून घेऊन आला. हे त्याच्या रोजीरोटीचं, तीन पट्ट्यांचं. मधली दाबली की डॉक्टर बोलतो, सोडली की गप्प होतो. डावीनं मागे, उजवीनं पुढे. त्यानं गाडीच्या बॉनेटवरच लॅपटॉप उघडला, मधल्या पट्टीला ती नेहमीची कळ नेमून दिली, हातानं पट्टी दाबून पाहिली. ठिपका हिरवा झाला.

"झालं," तो म्हणाला. "मधलीच दाब. बाजूच्यांवर पाय पडला तरी काही होणार नाही, त्या मोकळ्या ठेवल्यात."

हॉलमध्ये पोचल्यावर सूनबाईनं स्वतःही तपासलं. पेडल दाबून म्हणाली, "हॅलो." सासूबाईंनी अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे आवळता आवळता तुटक सांगितलं, "आलं ऐकू." ठिपका हिरवा झाला होता. मग अजून काय तपासायचं असतं?

हॉल बऱ्यापैकी भरला. पुढच्या रांगेत वाचनालयाच्या बाई, फिक्या साडीत, मान सारखी हातातल्या घड्याळाकडे वळणारी. मागच्या रांगेत दाराजवळ नवरा. पहिली दोन गाणी सासूबाईंनी अशी म्हटली की सूनबाईचा पाय नुसता पेडलवर टेकून राहिला. आवाज थोडा जाडसर झाला होता, पण त्यात अजून तो जुना मध होता. लोक खुर्चीत सैल झाले. सूनबाईच्या खांद्यांतला ताणही थोडा उतरला, आणि तिला वाटलं, आज निभावलं बहुतेक.

तिसरं गाणं सुरू झालं.

*परतून ये, दिवा अजून जागा आहे,*
*दाराला कान माझा लागला आहे.*

ध्रुवपद झालं. अ‍ॅकॉर्डियनचा तुकडा झाला. कडवं यायचं ते येईना. सासूबाईंनी भाता आणखी एकदा ओढला, तोच तुकडा पुन्हा वाजवला. हनुवटी वर गेली. सूनबाईनं पेडल दाबलं आणि दाबूनच धरून स्पष्ट सांगितलं, "पायरीवर ऊन थांबले, जरा बसून गेले."

सासूबाई काही गायल्या नाहीत. कपाळाला आठी पडली.

ऐकू गेलं नाही की काय? तिनं पाय उचलून पुन्हा दाबलं. "पायरीवर ऊन थांबले—"

काही नाही. आता तिनं चोरट्या नजरेनं लॅपटॉपकडे पाहिलं. पाय दाबलेलाच होता, आणि ठिपका लाल. तिनं सोडून पुन्हा दाबलं. ठिपका हिरवा होऊन डोळा लवतो न लवतो तोच लाल झाला. पेडल पायाखाली गच्च दाबलेलं, आणि माइक बंद!

झालं होतं असं की पेडलला कळ नेमताना दोन पर्याय असतात. एक, पाय असेपर्यंत कळ दाबून धर. दुसरा, पाय पडला की कळ एकदा वाजव आणि सोड. गडबडीत नवऱ्याच्या हातून दुसरा निवडला गेला. बॉनेटवर त्यानं पट्टी नुसती टिचकी मारल्यासारखी दाबून पाहिली होती. धरून पाहिलीच नव्हती. शब्दाचं शेपूट तुटू नये म्हणून माइक सुटल्यावरही क्षणभर उघडा राहील असं त्यानं पूर्वीच करून ठेवलं होतं, म्हणून 'हॅलो'एवढं त्यातून निसटून गेलं. हे सगळं त्यानं नंतर सांगितलं. त्या वेळी सूनबाईला एवढंच कळलं की प्रत्येक दाबण्याला एक घासभर आवाज जातो आणि दार बंद होतं.

मग घास घास भरवू, असं तिच्या मनानं घेतलं. "पाय—" दाब. "री—" दाब. "वर—" दाब. डावा पाय नाचायला लागला. खरोखरचं शिलाई मशीन! पण दादूचा ताल एकीकडे, हातातलं गाणं दुसरीकडे आणि पाय तिसरीकडे. एका देहात तीन संसार कसे चालणार? डाव्या हाताचा सूर घसरला. दादूनं काठ्या वाजवत वाजवतच भुवया उंचावल्या. घाईत तिचं अक्षर आधी आणि पाय नंतर पडू लागला, आणि जे जायचं तेही जाईनासं झालं.

सासूबाईंनी अ‍ॅकॉर्डियन थांबवलं. वळल्या. त्यांच्यासमोरचा मोठा माइक चालूच होता, आणि सगळ्या हॉलला ऐकू गेलं:

"पाय, पाय, पाय! अगं, काय झालंय तुझ्या पायाला?"

हॉल हसला. मनापासून हसला. लोकांना वाटलं, हे ठरलेलं आहे. सूनबाईचे कान तापले. दादूनं तालाचा धागा हळू चालू ठेवला, दुसरं त्याला सुचण्यासारखं नव्हतं.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डाव्या कानातलं बोंड काढलं, मांडीवर ठेवलं, आणि लोकांकडे तोंड करून म्हणाल्या, "मला पुढची ओळ आठवत नाहीये. ही माझी सून. ती मला सांगत असते, तुम्हाला कळू न देता. आज ते यंत्र अडलंय." मग मान न वळवता, "सांग गं मोठ्यानं. आता लपवायचं काय राहिलंय?"

हॉलमधलं हसू विरलं. खुर्च्या करकरल्या.

सूनबाईनं सांगितलं, उघड्या आवाजात, शाळेत फळ्यापुढे उभं राहून सांगावं तसं. "पायरीवर ऊन थांबले, जरा बसून गेले." सासूबाईंनी ते गायलं. "सावलीला निरोप माझा सांगून गेले." तेही गायलं. उरलेली सगळी गाणी अशीच झाली. अडल्या की सासूबाई हनुवटी वर करायच्या आणि सूनबाई ओरडायची. लॅपटॉपकडे नंतर कोणी पाहिलंही नाही. काही लोक मध्येच उठून गेले. काहींनी शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत कौतुक किती आणि कीव किती ते वेगळं काढायचं बळ सूनबाईच्या अंगात नव्हतं. वाचनालयाच्या बाई गोड हसून म्हणाल्या, "पुढच्या वेळचं आम्ही कळवू हं." कळवू म्हणजे काय ते न कळण्याइतकं कोणी दूधखुळं नव्हतं.

गाडीत नवरा म्हणाला, "चूक माझी. मी चुकीच्या पर्यायावर खूण केली. दहा वर्षं पेडलवर पोट भरतोय आणि साधं धरून बघितलं नाही."

"तुझी चूक तुझ्यापाशी ठेव," सासूबाई म्हणाल्या. "मी विसरते, ती काय तुझ्या यंत्राची चूक आहे?"

एवढ्या महिन्यांत 'विसरते' हा शब्द पहिल्यांदाच गाडीत बसला होता, आणि तोही त्यांनीच आणून बसवलेला.

पुढचे दिवस घर कसं दबकत दबकत चालत राहिलं. वाचनालयाचा नकार फोनवरून आला. दुसऱ्या एका क्लबनंही पाठोपाठ नाही म्हटलं. बातमीला पाय असतात आणि ते माणसाच्या पायांपेक्षा भराभर पडतात. एक शाळेचं सभागृह तेवढं राहिलं, तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आम्हाला चालेल, बाईंना चालणार असेल तर." सूनबाई कीबोर्डपुढे बसायची आणि उठायची. भांडी घासायला घ्यायची आणि नळ चालू सोडून खिडकीशी जायची. सासूबाईंशी काहीतरी बोलावं असं तिला वाटायचं. समोर गेली की भाजी काय करू एवढंच तोंडातून यायचं.

सासूबाईही एका जागी बसत नव्हत्या. या खोलीतून त्या खोलीत. अशाच फिरत फिरत त्या एका सकाळी मुलाच्या खोलीत गेल्या आणि त्याच्या मागे उभ्या राहिल्या. सूनबाई दारातूनच वाळलेले कपडे घेऊन चालली होती, ती थबकली.

नवऱ्याच्या कानांत हेडफोन, बोटं भराभर चाललेली. पाय पेडलवर. कुणीतरी आहे असं जाणवून त्यानं पाय उचलला आणि एका कानावरचा हेडफोन सरकवला. "काय गं आई?"

"चालू दे. बघते नुसती."

"बघण्यासारखं काय आहे त्यात?"

"मला ऐकू दे."

त्यानं हेडफोनची पिन काढली, आवाज खोलीत येऊ लागला. कुणी डॉक्टर भरधाव बोलत होता, जणू त्याची गाडी चुकत होती. नवरा पायानं त्याला धरत होता. दाबलं की डॉक्टर बोलायचा, सोडलं की अर्ध्या शब्दात गप्प. पुन्हा दाबलं की आपणहून थोडा मागे जाऊन, सुटलेले दोन शब्द परत सांगून पुढे जायचा. एक औषधाचं नाव कळलं नाही, तर त्यानं डाव्या पट्टीनं आणखी मागे नेऊन तेच तीनदा ऐकलं.

"हा केवढा मोठा डॉक्टर असेल," सासूबाई म्हणाल्या.

"असेल. इस्पितळातला मुख्य आहे."

"आणि तुझ्या पायाखाली. तू म्हणशील तेव्हा बोलतो, तू म्हणशील तेव्हा गप्प."

नवरा हसला. "काम माझं आहे ना आई. मला ऐकायला हवं असेल तेव्हाच त्यानं बोलावं. तो त्याच्या वेगानं बोलत सुटला तर मी मेलोच."

सासूबाईंनी त्याच्या पेडलवरच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग माझ्या वेळी उलटं का रे केलंस?"

"म्हणजे?"

"ऐकणार मी. आणि पाय हिचा."

दारातली सूनबाई कपडे छातीशी धरून तशीच उभी राहिली. सासूबाईंना ती तिथं असल्याचं माहीत होतं. त्या तिच्याकडे वळूनच पुढचं बोलल्या.

"तुला वाईट वाटेल, पण ऐक. तू सांगतेस त्यातल्या अर्ध्या वेळी मला आठवत असतं. मी श्वास घेत असते. जागा घेत असते. गाण्यात थोडं थांबायचं असतं, तेवढ्यात तुझी ओळ येऊन कानावर आदळते आणि हातात आलेली माझी ओळ पळून जाते. मग मी खरीच विसरते."

सूनबाईला झोंबलं. "आणि उरलेल्या अर्ध्या वेळी, आई? तेव्हा मी नसते तर?"

"तेव्हा तू नसतीस तर मी केव्हाच घरी बसले असते," सासूबाई म्हणाल्या. "तेच तर सांगतेय. मी विसरते. पण विसरले, हे अजून मला कळतं. सगळ्यांच्या आधी कळतं. तू माझी मान बघून ओळखत बसतेस, आणि मला ते पाठीवर जाणवतं. कोणी आपल्या पडण्याची वाट बघत मागून चाललंय असं."

"मी काय मजेनं बघते? तुमची मान बघून बघून माझी झोप उडाली! पाय झोपेत हलतो माझा, विचारा यांना."

"हलतो," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस," दोघी एकदमच म्हणाल्या.

सूनबाईनं कपडे पलंगावर टाकले आणि त्यांच्यावरच बसली. राग आला होता, आणि रागाच्या खाली कुठेतरी हलकंही वाटत होतं, आणि त्या हलकेपणाची तिला लाज वाटत होती. इतके महिने तिनं स्वतःला सांगितलं होतं की आपण आईंना सावरतोय. आपण त्यांच्या आधी ठरवून टाकतोय की त्या पडल्या, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"पेडल तुमच्या पायाखाली द्यायचं?" तिनं शेवटी विचारलं. "मग मी कधी बोलायचं?"

"सारखं," नवरा उत्साहानं खुर्ची वळवून म्हणाला. "प्रत्येक ओळ, आईच्या जरा आधी, माइकमध्ये बोलत राहायची. आई दाबेल तेव्हाच तिला ऐकू जाईल. कळ तीच, माइक तोच, फक्त लांब वायरचं पेडल तिकडे. हात दोन्ही अ‍ॅकॉर्डियनमध्ये, पण बसून वाजवते, पाय मोकळेच आहेत."

"म्हणजे मी अख्खा कार्यक्रम भिंतीशी बोलायचं."

"अगं, लग्नानंतर मी तेच करतोय," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणीतरी हसलं.

नवीन पेडल आलं. जड, खालून रबर लावलेलं, घसरू नये असं. या वेळी नवऱ्यानं ते दाबून धरलं, धरूनच ठेवलं, सूनबाईला अख्खं गाणं म्हणायला लावलं आणि बोंड स्वतःच्या कानात घालून सगळं ऐकलं. मग सासूबाईंनी चप्पल काढून, मग घालून, दोन्ही रीतींनी दाबून पाहिलं. सुरुवातीला त्या तालावर पाय आपटायच्या आणि पेडल तालावर उघडझाप करायचं. दादू म्हणाला, "दुसऱ्या पायानं ताल धरा की." सत्तरीत पाय बदलणं सोपं नसतं, पण त्यांनी बदलला.

सूनबाईला मात्र सवय होईना. ओळ आधी बोलायची, हातानं मागची वाजवायची, कानानं चालू ऐकायची. जीभ एका घरात आणि बोटं दुसऱ्या घरात. आणि त्याहून वाईट म्हणजे, ऐकतंय का कोणी? तिची नजर सारखी ठिपक्याकडे जायची. लाल. लाल. हिरवा! कुठे अडल्या? लाल. तालमीत सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "तो लॅपटॉप भिंतीकडे फिरव."

"का?"

"मोजत बसशील. मी किती वेळा विसरले ते."

तिनं फिरवला.

शाळेच्या सभागृहात दुपारचं ऊन उंच खिडक्यांतून आत पडलं होतं. पालक, शिक्षक, मागे काही मुलं जमिनीवर. सूनबाईला पहिल्या गाण्यापासून घाम फुटला. ती बोलत राहिली, बोलत राहिली. सासूबाईंची मान कधी डावीकडे झुकली, हनुवटी कधी वर गेली, आणि दरवेळी सूनबाईचा डावा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला जायचा, जुन्या सवयीनं. तिथं काही नव्हतं. 'परतून ये'च्या कडव्याआधी सासूबाई थांबल्या. फार लांब थांबल्या. सूनबाईनं ओळ सांगितली होती. पुन्हा सांगावी का? गेली असेल का? सांगितली आणि त्यांना नकोच असेल तर? तिनं ओठ दाबून धरले आणि नुसते सूर धरले. दादूनं ब्रश झांजेवर फिरवला. आणि मग सासूबाईंनी कडवं उचललं, इतक्या हळू, जणू पायरीवरचं ऊन खरंच कोणी उचलून घेतंय. त्यांना ते आठवलं होतं की कानातून आलं होतं, हे सूनबाईला कधीच कळलं नाही. सभागृहातल्या कुणालाही नाही. विचारायचं नाही, हेही तिनं त्याच क्षणी ठरवून टाकलं.

पुढची दोन गाणी झाली. टाळ्या चालू असताना सूनबाईनं अवघडलेली मान मोडून सैल केली. अख्खं गाणं दोनदा, एकदा तोंडानं आणि एकदा बोटांनी, असं चाललं होतं सगळं. घसा लाकडासारखा झाला होता. पाण्याची बाटली सासूबाईंच्या खुर्चीशी होती, आणि मध्ये वायरींचं जाळं. ती माइक विसरून स्वतःशीच पुटपुटली, "देवा, एक घोट पाणी मिळालं तर..."

सासूबाईंनी लोकांकडे बघत, हसऱ्या चेहऱ्यानं टाळ्या घेत, उजवा हात अ‍ॅकॉर्डियनवरून काढला, वाकून बाटली उचलली आणि मागे न बघता सुनेपुढे धरली.

सूनबाई क्षणभर बघतच राहिली. गाणं नव्हतं चालू, ओळ नव्हती हवी, तरी सासूबाईंचा पाय पेडलवर होता.

"घे," सासूबाई म्हणाल्या. "आणि पुढचं जरा हळू सांग. धावतेस फार."

तिनं घटाघटा पाणी प्यायलं, बाटली खाली ठेवली आणि पुढच्या गाण्याचा पहिला सूर दाबला.